बाळाच्या भेटी आणि भेटायला आलेली माणसं: थँक्यू कसं, कधी आणि कोणी म्हणायचं

आमच्या चिऊच्या वेळी मी एक मेसेज लिहिला होता, "आपण दिलेल्या सुंदर भेटवस्तूबद्दल आणि शुभेच्छांबद्दल मनःपूर्वक आभार, असंच प्रेम राहू द्या", आणि खाली हात जोडलेले, आणि तोच कॉपी करून एका दुपारी सत्तावीस जणांना पाठवून टाकला. बाळ झोपलेलं होतं, मला वाटलं चला सुटले एकदाची. उत्तरं काय आली, तर अंगठा. काहींनी तेवढाही नाही. आणि माझी मोठी मावशी, जिने स्वतःच्या हाताने गोधडी शिवून पाठवली होती, तिने आईला फोन करून विचारलं की गोधडी पोचली ना गं, का कुठे हरवली. म्हणजे मी आभार मानूनसुद्धा तिला कळलंच नव्हतं की मानलेत.

तेव्हापासून आमच्या घरातल्या आणि मैत्रिणींमधल्या चार-पाच बाळांच्या वेळी हेच सगळं नीट करायला मदत केली, त्यातून जे कळलं ते लिहितेय. ज्यांचं पहिलंच बाळ आहे आणि ज्यांच्या घरात सध्या बाथ सेटचा ढीग लागलाय त्यांच्यासाठी आहे हे.

आधी वही, आणि ती हॉस्पिटलच्या बॅगेतच

लग्नात आहेराची वही घेऊन एक काका कोपऱ्यात बसलेले असतात बघा, नाव, गाव, काय दिलं. बाळाच्या वेळी तसं कोणी बसत नाही कारण माणसं एकदम येत नाहीत, दीड-दोन महिने सुट्टी सुट्टी येत राहतात. कोणी हॉस्पिटलमध्ये येतं, कोणी पाचवीला, बरेचसे लोक सोयर फिटेपर्यंत थांबतात आणि मग बारशाला सगळे एकदम. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर अर्ध्या वस्तू माहेरी आणि अर्ध्या सासरी. माझं माहेर सांगलीला आणि घर पुण्यात, त्यामुळे पुण्याच्या पत्त्यावर आलेली कुरियर नवरा उघडत होता आणि खोकी फेकून देत होता, आणि खोक्यावरच पाठवणाऱ्याचं नाव होतं. तीन पार्सलं कोणाची ते आम्हाला शेवटपर्यंत धड कळलं नाही.

म्हणून एक साधी वही, शंभर पानी पुरते. फोनमधली नोट चालेल पण ती दोघांना दिसली पाहिजे आणि आजीलाही लिहिता आलं पाहिजे, कारण तुम्ही आंघोळीला किंवा शेकायला गेलेल्या असताना येणाऱ्यांची नोंद आजीच करणार आहे. वहीत रकाने हे: कोण आलं, कोणासोबत, कुठे आणि कधी, काय दिलं, डबा कोणता आला, आणि शेवटचा जो सगळ्यात महत्त्वाचा, काय बोलले किंवा काय केलं ते एका ओळीत. सातवा छोटा रकाना टिक करायला, कळवलं का.

तो एका ओळीचा रकाना लोक गाळतात आणि नंतर पस्तावतात. तीन आठवड्यांनी, झोप नसताना, तुम्हाला "पिवळं झबलं, चुलत सासूबाई" यावरून काहीही सुचणार नाही. पण शेजारी "म्हणाल्या नाक अगदी आजेसासऱ्यांचं, आणि मग रडल्या" असं लिहिलेलं असलं की मेसेज आपोआप तयार होतो. माझ्या वहीतल्या काही ओळी अशा होत्या: "एसटीने आला, दोन तास उभा", "बाळाला घेतलं नाही, सर्दी होती म्हणून दारातूनच बघितलं", "आल्या आल्या भांडी घासायला घेतली". यातली एकही वस्तूबद्दलची नाहीये, बघा.

पाकिटांचं वेगळं सांगते. बारशाला पाकिटं एका पिशवीत गोळा होतात आणि रात्री सगळे बसून फोडतात, आणि पैसे एकीकडे, पाकिटं एकीकडे. असं अजिबात करू नका. एक पाकीट उघडायचं, आकडा त्याच पाकिटावर पेनाने लिहायचा, वहीत चढवायचं, मगच दुसरं. आणि पाकिटावर नुसतं "कुलकर्णी परिवार" असेल तर त्याच रात्री आईबाबांना विचारायचं कुठले कुलकर्णी, आमच्याकडे तीन निघाले. दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. हा आकडा आभारासाठी लागत नाही खरंतर, तो लागतो त्यांच्या घरी कार्य निघेल तेव्हा, पण वही एकच असली की दोन्ही कामं होतात.

वस्तूंचं पण तसंच, उघडायच्या आधी कागदासकट एक फोटो, मग उघडल्यावर एक. नाव कागदावर असतं, वस्तूवर नसतं.

कोणाला लगेच आणि कोणाला सावकाश

कुरियरने आलेलं असेल तर त्याच दिवशी दोन शब्द, "पार्सल पोचलं, चिऊला दाखवलं, नीट लिहिते नंतर." पाठवणाऱ्याला ते पोचलं की गेटवरच्या वॉचमनकडे पडून आहे हे माहीत नसतं, आणि बाळंतिणीला कसं विचारायचं म्हणून तो आठवडाभर गप्प बसतो. फोनवरून पैसे पाठवलेल्यांचंही असंच, लगेच "मिळाले" एवढं कळवायचं. हे आभार नव्हेत, ही पोच आहे. आभार नंतर.

जे हातात देऊन गेले त्यांना घाई नाही. बारसं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत झालं तरी कोणी नाव ठेवत नाही, सव्वा महिना तर लोक तसंही बाळंतिणीकडून काही अपेक्षा धरत नाहीत. माझ्या वहीत एकूण ४३ नोंदी होत्या. मी रोज ५ असं ठरवलं, दुपारच्या दुधाच्या वेळेला, एका हाताने, म्हणजे ९ दिवसांत झालं. एका बैठकीत ४३ करायला गेलात की दहाव्यापासून सगळे एकसारखे व्हायला लागतात, माझे झालेच होते. टाइप करायचा कंटाळा असेल तर फोनच्या कीबोर्डवर मराठी बोलून टाइप होतं, त्यात जोडाक्षरं मधेच चुकतात पण काही बिघडत नाही, उलट घरचं वाटतं. फक्त नावं तपासा, माझ्या "वत्सलाकाकू"चं काहीतरी भलतंच झालं होतं.

कोणी कोणाला लिहायचं

साधारण काय होतं, बायको सगळं लिहिते आणि खाली नवऱ्याचं नाव घालते. आमच्याकडे आम्ही उलटं केलं आणि ते फार बरं पडलं: माझ्या माहेरच्यांना नवऱ्याने आणि त्याच्याकडच्यांना मी. माझ्या मामाला माझा फोन रोजचाच आहे, त्यात विशेष काय. पण जावयाने स्वतःहून फोन करून "मामा, तुम्ही आणलेले वाळे घातले तिला, सारखी पाय झाडते आणि वाजवते" असं म्हटल्यावर मामाने ते अख्ख्या गल्लीला सांगितलं. तसंच माझ्या चुलत सासूबाईंना सुनेचा मेसेज आला याचं जास्त अप्रूप वाटतं.

यात एक अडचण आहे ती म्हणजे हाक. नवऱ्याला माहीत नसतं की या मावशीला आपण "तू" म्हणतो आणि त्या मामींना "तुम्ही". ते आधी सांगून ठेवा, वहीतच लिहा वाटल्यास. माझ्या नवऱ्याने तू-तुम्ही टाळायला असली वाक्यं केली होती की "गोधडी मिळाली गेली आहे". त्यापेक्षा सरळ "तुम्ही" बरं, जावयाने "तुम्ही" म्हटलं तर कोणी रागावत नाही.

आभार हा शब्द

आता मुख्य भानगड. जवळच्या माणसाला "धन्यवाद" म्हटलं की हमखास ऐकायला मिळतं, "आभार कसले मानतेस, परकी आहे का मी?" आणि ते खोटं नसतं, त्यांना खरंच थोडं लागतं. मग काही लोक त्यावर भाषणातलं वाक्य काढतात, आभार मानून परकं करणार नाही, ऋणातच राहायला आवडेल, ते तर नकोच, ते संमेलनाच्या शेवटी ठीक आहे.

माझ्या मते फरक असा करायचा. ऑफिस, सोसायटी, नवऱ्याचे मित्र, बॉस, यांना सरळ "थँक्यू" किंवा "थँक्स", चालतं आणि अपेक्षित असतं. "धन्यवाद" मी बाळाच्या डॉक्टरांना आणि सासऱ्यांच्या ओळखीच्या ज्येष्ठ मंडळींना लिहिलं. आणि मावशी, आत्या, मामी, काकू, सख्खी मैत्रीण, यांच्या मेसेजमध्ये आभाराचा शब्दच नाही घातला. त्याऐवजी वस्तू आत्ता काय करतेय ते सांगायचं. मराठीत आभार असेच मानले जातात खरंतर, आपण आजीला कधी थँक्यू म्हणतो का, आपण म्हणतो "आजी, लोणचं संपलं पण."

म्हणजे मेसेजमध्ये तीनच गोष्टी. पहिली, नात्याने हाक. दुसरी, वस्तूचं नाव, "भेटवस्तू" नाही, "गिफ्ट" नाही, कुंची म्हणजे कुंची, दुपटं म्हणजे दुपटं, आणि ती कुठे वापरली. तिसरी, ते आले तेव्हाची एक गोष्ट, वहीतल्या शेवटच्या रकान्यातून. चार ओळींच्या वर जायचं नाही. मोठा मेसेज आला की समोरच्याला पण मोठं उत्तर द्यावं लागेल असं वाटतं आणि मग तो "नंतर देतो" म्हणून राहून जातो.

मावशीच्या गोधडीचं उदाहरण घेते. आईला फोन आल्यावर मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी दुसऱ्यांदा लिहिलं. पहिला मेसेज वर सांगितलाच. दुसरा असा होता:

"मावशी, गोधडी रोज पहाटे चारला कामाला येते. दूध पिऊन झालं की त्यातच गुंडाळते, नाहीतर बाई झोपत नाहीत. मधला जांभळा तुकडा आईने लगेच ओळखला, म्हणाली ही हिची माझ्या लग्नातली साडी. खरं का?"

पाच मिनिटांत मावशीचा फोन. जांभळा तो माझ्या आईच्या लग्नातलाच, पण कडेचा हिरवा आजीच्या नऊवारीतला होता आणि तो आम्ही कोणी ओळखला नव्हता. पाऊण तास बोलली. मेसेजमध्ये शेवटी एक प्रश्न टाकला ना, की असं होतं. सगळ्यांना प्रश्न विचारू नका मात्र, ४३ फोन घ्यायला तुम्हाला वेळ नाहीये, ज्यांच्याशी बोलायला आवडेल त्यांच्यापुरताच.

ऑफिसमधल्या टीमने मिळून बेबी कॅरियर दिला होता, त्यांना वेगळं: "सगळ्यांना थँक्यू! कॅरियर तिसऱ्या आठवड्यात काढला, पट्टे लावायला आम्हा दोघांना वीस मिनिटं लागली आणि तोपर्यंत ती झोपून गेली. आता जमतंय. वर्गणी कोणी गोळा केली ते मला कळलंय, त्याला भेटल्यावर चहा." ग्रुपमध्ये एकच, पण ज्याने वर्गणी काढली, रंग निवडला, ऑर्डर केली त्याला वेगळी एक ओळ. ग्रुपच्या भेटीत काम नेहमी एकाच माणसाने केलेलं असतं.

आणि पाकीट देणाऱ्यांना. रक्कम कधीच लिहायची नाही, ग्रुपवर तर मुळीच नाही, एकाचे ५०१ आणि दुसऱ्याचे ११०१ हे दोघांनाही कळायचं कारण नाही. पण नुसतं "पाकीट मिळालं" हेही कोरडं लागतं, म्हणून पैशांचं काय केलं ते सांगायचं. आम्ही बारशाची पाकिटं एकत्र करून चिऊच्या नावाने पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं उघडलं, २५० रुपयांपासून उघडता येतं, मुलीचा जन्माचा दाखला लागतो तेवढा आधी काढून घ्या. मग सगळ्या पाकीटवाल्यांना "काका, तुम्ही चिऊच्या हातावर ठेवलेत ते तिच्या पोस्टाच्या खात्यात गेले, पहिलं पासबुक आलं तिचं" असं लिहिता आलं. मुलगा असेल तर पाळणा घेतला, लसींचा खर्च त्यातून निघाला, जे खरं असेल ते. खरंच लिहा, नाहीतर पुढच्या वेळी काका पाळणा बघायला मागतात.

ग्रुपवर काय आणि काय नाही

फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकायचाच, पण तो शुभेच्छांसाठी, वस्तूंसाठी नाही. "सगळ्यांचे मेसेज वाचले, एकेकाला उत्तर द्यायला जमत नाहीये, चिऊ आणि मी दोघी बऱ्या आहोत." बस. तिथे कोणी काय दिलं याची यादी टाकली की ज्याने काही दिलं नाही तो अवघडतो आणि ज्याचं नाव राहिलं तो वर्षभर लक्षात ठेवतो. माझ्या एका मैत्रिणीने सगळ्या भेटी पलंगावर मांडून फोटो टाकला होता, हेतू चांगला होता, पण दोन नणंदांची झबली सेम निघाली आणि एकाच दुकानातली, मग पुढचं विचारू नका.

ब्रॉडकास्ट लिस्टचा मोह होतो. व्हॉट्सॲपच्या एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात हे खरं, पण ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज जातच नाही. आणि घरातल्या ज्येष्ठ मंडळींच्या फोनमध्ये बहुतेक तुमच्या आईचा नंबर सेव्ह असतो, तुमचा नाही. म्हणजे ज्यांना पोचायला हवा नेमका त्यांनाच नाही पोचत.

चूक झाली तर? झालीच आमच्याकडे. चांदीची वाटी दिली एका काकांनी आणि मेसेज गेला दुसऱ्या काकांना, ज्यांनी स्वेटर दिला होता. नवरा घाईघाईने "डिलीट फॉर एव्हरीवन" करायला निघाला. ते करू नका, तिथे मेसेज डिलीट केल्याची पट्टी राहते आणि वाचलेला असेल तर आणखीच वाईट दिसतं. सरळ फोन करायचा, "काका, झोप नाही हो, वाटी आणि स्वेटरमध्ये गोंधळ झाला माझा, स्वेटर तर ती घालून बसलीय." नव्या आईबापांना झोपेच्या नावावर सगळं माफ असतं, हे पहिले तीन महिने चालतं, पुढे नाही.

नको असलेल्या आणि चालत नसलेल्या वस्तू

चार बाथ सेट येणार. प्रत्येकाला त्याच्या सेटचंच सांगायचं, "आमच्याकडे आधीच आहेत" कुठेही येऊ द्यायचं नाही. एखादा न उघडता पुढे कोणाला द्यायचा असेल तर बिनधास्त द्या, पण आतली चिठ्ठी काढा आणि वहीत लिहा कोणाकडून आला होता, नाहीतर फिरून त्यांच्याच घरी जातो, हे मी स्वतः पाहिलंय.

अवघड आहे ते घुटी, मध, काजळ यांचं. बाळंतविड्याच्या परडीत हौसेने सहाण आणि घुटीचं सामान घालतात, कोणी मधाची बाटली आणतं. आता पहिले सहा महिने डॉक्टर फक्त अंगावरचं दूध सांगतात, आणि मध तर वर्षाच्या आत देऊच नये कारण त्यातून लहान बाळांना बोट्युलिझम नावाचं गंभीर दुखणं होऊ शकतं. मग मामींना काय लिहायचं? मी दोन नियम पाळले. एक, मेसेजमध्ये "पण" आणायचा नाही. "घुटी छान आहे पण डॉक्टर म्हणाले" हे आभार नाहीत, ही तक्रार आहे. दोन, खोटंही लिहायचं नाही, "रोज देतोय" लिहिलंत तर मामी पुढच्या नातीसाठी तुमचा दाखला देणार. मी लिहिलं: "मामी, परडी उघडली तेव्हा आई म्हणाली अगदी माझ्या वेळी आलेली तशीच आहे. सहाण काढून ठेवलीय, आणि त्यातलं टोपरं आत्ता डोक्यावर आहे, फोटो पाठवते." परडीत एक तरी वस्तू वापरण्यासारखी असतेच, तिच्यावर बोट ठेवायचं. घुटी देता का असं त्यांनी विचारलंच तर तेव्हा फोनवर सांगायचं डॉक्टरांचं. विचारलं नाही तर नाही.

जे काही न देता आले

वस्तूंच्या नादात हे राहतात, आणि माझं म्हणणं आहे की वहीत यांना आधी लिहावं. रात्री हॉस्पिटलमध्ये थांबलेली वहिनी, रिपोर्ट आणायला धावलेला दीर, आपण माहेरी असताना पुण्याच्या घरातल्या कुंड्यांना पाणी घालणारे शेजारी. आणि सर्दी आहे म्हणून न आलेलेसुद्धा. माझ्या एका मैत्रिणीने तीन आठवडे थांबून मग भेट घेतली, तिला मी लिहिलं, "तू आली नाहीस त्याबद्दल खास थँक्यू, बाकीचे शिंकत शिंकत आले", ती अजून तो मेसेज दाखवते लोकांना.

या लोकांना मेसेज पुरत नाही मात्र. फोन करा, किंवा बाळ बाहेर न्यायला लागलात की पहिल्या चार घरांत त्यांचं घर ठेवा. आमच्याकडे शेक-मालिशला येणाऱ्या मावशींना शेवटच्या दिवशी पगाराशिवाय साडी देऊन ओटी भरली, ती पद्धत आहेच, पण त्यांना जास्त आवडला तो त्यांच्या मांडीवर पालथ्या झोपलेल्या चिऊचा फोटो, आम्ही दुकानातून धुऊन आणून दिला होता कारण त्यांचा फोन साधा बटणाचा आहे.

फोन न वापरणाऱ्या गावाकडच्या आजीला पोस्टकार्ड. अक्षर मोठं, सहा ओळी, कारण ते बहुतेक कोणीतरी दुसरं वाचून दाखवणार असतं, त्यामुळे खाजगी काही लिहू नका.

डबा

डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाची खीर, पोळ्या, सगळं डब्यातून येतं, आणि डबा रिकामा परत करायचा नसतो हे तुम्हाला आई सांगेलच. आत्ता तुमच्याकडून काही रांधून होणार नाही, तर मूठभर साखर, नाहीतर बारशाचे चार पेढे, चालतं. मी डब्यात एक चिठ्ठी पण टाकायचे, "लाडू नवव्या दिवशी संपले, त्यातले तीन बाबांनी चोरले." थँक्यूचा मेसेज नाही पाठवला तरी चालेल इतकं ते पुरतं.

अडचण डबा ओळखण्याची. स्टीलच्या डब्यावर नाव घातलेलं असतं म्हणून मी निश्चिंत होते, आणि मग कळलं की ते नाव डबा ज्यांचा आहे त्यांचं नसतं, ज्यांनी त्यांना लग्नात आहेर दिला त्यांचं असतं. मी जवळपास एक डबा १९८९ सालच्या कुठल्यातरी आहेरवाल्यांकडे पोचवणार होते. म्हणून डबा आला की तळाला चिकटपट्टी आणि त्यावर पेनाने नाव, त्याच क्षणी.

उशीर झाला तर, आणि जे मुद्दाम उशिरा करायचं

तीन महिने झाले आणि अजून दहा जण राहिलेत, असं होतं. मोठी माफी लिहायला बसू नका, त्यात आभार बुडून जातात. फोटो पाठवा आणि एक ओळ.

काही भेटींचे आभार मुळात उशिराच मानण्यासारखे असतात. लोक हौसेने सहा ते नऊ महिन्यांचे फ्रॉक आणतात, आणि आपण बाळ तीन आठवड्यांचं असताना "खूप छान आहे" लिहून मोकळे होतो. मी त्यांना तेव्हा पोच दिली, आणि कपड्याच्या खिशात किंवा गळ्याला सेफ्टी पिनेने नावाची चिठ्ठी अडकवून वरच्या कप्प्यात ठेवलं. फ्रॉक ज्या दिवशी बसला त्या दिवशी फोटो. देणारी विसरूनही गेलेली असते. एक सांगते, महिन्यातून एकदा तो कप्पा बघत जा, दोन फ्रॉक आमचे बघेपर्यंत लहान झाले होते, त्यातला एक मी पोटावर ओढून ताणून घातला आणि फोटो काढला, पाठीमागची बटणं उघडीच होती.

चांदीच्या वाटी-चमच्याचंही तसंच. त्या काकांना चुकीच्या मेसेजनंतर नवऱ्याने फोन केलाच होता, पण वाटी कपाटातच होती. सहा महिने झाले, उष्टावण झालं, मामाने सोन्याच्या अंगठीने पहिली खीर चाटवली आणि दुसरा घास त्या वाटीतला. चिऊने चमचा हातातून ओढून घेतला आणि जमिनीवर आपटला. तेवढा सात सेकंदांचा व्हिडिओ काकांना गेला, खाली नवऱ्याने लिहिलं, "काका, चमच्याला पोचा पडला." उत्तर आलं, "पडू दे, आपल्याकडे सोनार आहे."